परत न आलेल्या पिशव्यांचा हिशेब

पत्र

सप्रेम नमस्कार. मी जालन्याचा. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालो असून गेली तीन वर्षे एका बियाणे कंपनीत विश्लेषक आहे. हंगामानंतर सोयाबीन बियाण्याच्या किती पिशव्या विक्रेत्यांकडून परत येतील, याचा अंदाज देणारे मॉडेल मी तयार केले आणि गेल्या खरिपात चार तालुक्यांत त्यानुसार माल पाठवला गेला. आता छत्रपती संभाजीनगरच्या एका कृषी निविष्ठा कंपनीत डेटा सायंटिस्टच्या जागेसाठी अर्ज केला आहे. पहिल्या मुलाखतीला विक्री विभागाचे प्रमुख होते. ग्रेडियंट बूस्टिंग या तंत्रामुळे मेप, म्हणजे अंदाजातली सरासरी चूक, 34 वरून 19 टक्क्यांवर आला, असे मी सांगितले. ते म्हणाले, "बरं, मग कंपनीला काय मिळालं?" मी म्हणालो, "अंदाज अचूक झाला." ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. आता त्यांनी एक पानी टिपण मागवले आहे. मित्र म्हणतो, "पिशव्यांचा परतावा 24 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आणला, असं सरळ लिही." तसे लिहू का?

— एक वाचक, जालना

उत्तर

तसे लिहू नका. वाक्यातले दोन्ही आकडे खरे असतील, पण "आणला" हे क्रियापद तुम्हाला पेलणारे नाही, आणि मराठवाड्यात बियाणे विकण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ते पहिल्या वाचनातच खटकेल. सोयाबीनच्या पिशव्या परत येतात त्या मुख्यतः पावसामुळे. मृगात पाऊस वेळेवर पडला आणि 75 ते 100 मिलिमीटर ओल झाली की पेरण्या एका आठवड्यात उरकतात आणि दुकानातला माल उठतो. पाऊस जुलैच्या मध्यापर्यंत लांबला की तोच शेतकरी दुसऱ्या पिकाचा विचार करू लागतो आणि पिशव्या दुकानातच राहतात. त्यातच सोयाबीन हे सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या वाणाचे पीक असल्यामुळे एमएयूएस 71 सारख्या वाणाचे बियाणे शेतकरी घरीही राखतो. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी पाऊस लागून घरच्या बियाण्याची उगवण खराब झाली असेल, तर तो पिशवी विकत घेतो, नाहीतर घेत नाही. एका वर्षाच्या परताव्याची दुसऱ्या वर्षाशी तुलना केली की या सगळ्या गोष्टी तुमच्या मॉडेलच्या नावावर जमा होतात. "त्या वर्षी पाऊसच चांगला होता की," असे विक्रीप्रमुख म्हणाले, तर तुमच्याकडे उत्तर नसेल, आणि त्यानंतर टिपणातल्या बाकीच्या खऱ्या वाक्यांवरही त्यांचा विश्वास बसणार नाही.

तुमच्या सुदैवाने उत्तर तुमच्याच पत्रात आहे. मॉडेल चार तालुक्यांतच वापरले गेले, म्हणजे बाकीच्या तालुक्यांत त्याच हंगामात, त्याच पावसात, त्याच बाजारभावात माल जुन्या पद्धतीने गेला. त्या तालुक्यांचा परतावा काढा. तुम्ही तो कळवलेला नाही, म्हणून मी एक आकडा धरते: तिथे तो 23 टक्क्यांवरून 19 टक्क्यांवर आला, असे समजू. म्हणजे मॉडेलचा वाराही न लागलेल्या तालुक्यांतसुद्धा परतावा 4 अंकांनी घटला. तुमच्या तालुक्यांतली घट 9 अंकांची आहे. तिच्यातून हे 4 अंक वजा करा. उरलेले 5 अंक तुम्ही आपले म्हणून मांडू शकता, आणि तेही एका अटीवर. ते चार तालुके कसे निवडले गेले होते? मागच्या वर्षी सर्वाधिक माल जिथून परत आला तेच तालुके व्यवस्थापनाने प्रयोगासाठी दिले असतील, तर एका वाईट वर्षानंतर तिथला आकडा आपोआपही खाली आला असता. आदल्या वर्षीचे 24 आणि 23 हे आकडे जवळजवळ सारखे आहेत, असे मी धरले आहे. तुमचे तसे नसतील तर ही शंका टिपणात स्वतःहून लिहा.

विक्रीप्रमुखांचा दुसरा प्रश्न याहून टोकदार असेल. परतावा कमी करायला मॉडेल कशाला हवे? दुकानात मालच कमी पाठवला की परत काय येणार? हा प्रश्न ते नक्की विचारतील, कारण त्यांची बढती विकलेल्या पिशव्यांवर ठरते, परत न आलेल्या पिशव्यांवर नाही. पेरणीच्या ऐन आठवड्यात कृषी सेवा केंद्राच्या फळीवर आपली पिशवी नसेल, तर शेतकरी थांबत नाही, शेजारच्या थप्पीतली दुसऱ्या कंपनीची पिशवी उचलतो. आणि ती उगवली, तर पुढच्या वर्षीही तीच मागतो. म्हणून टिपणात परताव्याच्या आकड्याशेजारी हुकलेल्या विक्रीचा आकडा असलाच पाहिजे. पहिला आकडा एकटा लिहिला, तर अर्धा हिशेब दडवल्यासारखे होईल.

तुमचा मेप याच ठिकाणी तुम्हाला फसवत आला आहे, आणि हे तुम्ही मुलाखतीत सांगितले नाही तरी स्वतः समजून घेणे गरजेचे आहे. मेप म्हणजे प्रत्येक विक्रेत्याच्या अंदाजातली चूक, त्याच्या खऱ्या आकड्याच्या टक्क्यांत मोजून काढलेली सरासरी. एखाद्या लहान दुकानातून 4 पिशव्या परत आल्या आणि तुमचा अंदाज 8 होता, तर चूक 100 टक्के झाली, पण पिशव्या चारच. तालुक्याच्या मोठ्या विक्रेत्याकडून 400 परत आल्या आणि अंदाज 320 होता, तर चूक 20 टक्के दिसते, पण पिशव्या 80, म्हणजे ट्रकचा चांगला कोपरा. मेपला ती लहान दुकाने मोठी दिसतात आणि हा ट्रक लहान. शिवाय ज्या विक्रेत्याकडून एकही पिशवी परत आली नाही, त्याच्या बाबतीत शून्याने भागावे लागते, म्हणून असे विक्रेते हिशेबातून वगळण्याचा प्रघात आहे. तुम्हीही वगळले असतील. आता विचार करा: एकही पिशवी परत न आलेला विक्रेता कोण? ज्याचा माल संपला तो. आणखी 40 पिशव्या त्याने विकल्या असत्या की 4, हे तुमच्या नोंदीत कुठेच नाही, कारण न विकलेल्या पिशवीचे बिल होत नाही. म्हणजे विक्रीप्रमुखांना ज्या दुकानांची सर्वाधिक काळजी, नेमकी तीच दुकाने तुमच्या अचूकतेच्या आकड्यात नव्हती. आणि हा आकडा तुम्ही मागच्या हंगामांच्या नोंदींवर तपासून काढला असणार. गेल्या खरिपात प्रत्यक्ष काय झाले, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

हुकलेली विक्री मोजायची कशी? पूर्ण मोजता येत नाही, पण तिची खालची मर्यादा काढता येते. हंगामात विक्री प्रतिनिधींच्या फोनवर विक्रेत्यांच्या जादा मागण्या येतात: "साहेब, तीस पिशव्या उद्याच्या गाडीला टाका." त्या मागण्या आणि त्यांपैकी किती पुऱ्या झाल्या हे गोदामाच्या नोंदींशी ताडून पाहा. ज्या पुऱ्या झाल्या नाहीत, त्या पिशव्या हुकल्या असे धरा. जोडीला प्रत्येक दुकानातली शेवटची पिशवी कोणत्या तारखेला विकली गेली आणि त्या भागातली पेरणी कधी संपली, हे पाहा; पेरणी चालू असताना ज्यांचा माल संपला, त्यांची संख्या वेगळी लिहा. चार तालुक्यांत अशा 250 पिशव्या हुकल्या आणि जुन्या पद्धतीच्या तालुक्यांत त्या नगण्य होत्या, असे मी पुढच्या हिशेबासाठी धरते.

आता रुपये. एका पिशवीचा खर्च मांडू. हे दर माझे आहेत, तुमचे तुम्ही घाला. 30 किलोची पिशवी, म्हणजे साधारण एका एकराचे बियाणे, तयार करायला कंपनीला 1,900 रुपये लागले आणि ती विक्रेत्याला 2,600 रुपयांना दिली. परत आलेली सोयाबीनची पिशवी पुढच्या वर्षासाठी ठेवण्याची कोणी फारशी हिंमत करत नाही, कारण हे बियाणे साठवणुकीत उगवणशक्ती लवकर गमावते, आणि पत्र्याच्या दुकानात मे-जून काढलेल्या लॉटचा पुढच्या हंगामात 70 टक्के उगवणीच्या किमान मर्यादेवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून ती धान्य म्हणून विकली जाते, समजा 1,250 रुपयांना. तोटा 650 रुपये, त्यात जाण्या-येण्याचे भाडे आणि हमाली 100 रुपये मिळवा. एक परत आलेली पिशवी 750 रुपयांना पडली. हुकलेल्या विक्रीत कंपनीचे गेले ते 2,600 उणे 1,900 उणे जाण्याचे भाडे 50, म्हणजे 650 रुपये. इथे एक सावधगिरी बाळगा: बियाण्याला आधीच बुरशीनाशक लावलेले असेल, तर ते धान्य म्हणून बाजारात जाऊ शकत नाही आणि परतीचा तोटा जवळजवळ पूर्ण 1,900 रुपयांचा होतो. बीजप्रक्रियेचे औषध पिशवीत वेगळ्या पुडीत असते की बियाण्याला लावलेले असते, एवढ्या एका गोष्टीवर तुमचा सगळा हिशेब दुपटीहून अधिक बदलतो. हे विक्रीप्रमुखांना ठाऊक असते. विश्लेषकाला ते ठाऊक आहे, हे पाहून त्यांना बरे वाटेल.

चार तालुक्यांत मिळून 18,000 पिशव्या गेल्या असे समजा. 5 अंकांची घट म्हणजे 900 पिशव्या कमी परत आल्या. 750 ने गुणले की 6,75,000 रुपये. हुकलेल्या 250 पिशव्यांचे 650 प्रमाणे 1,62,500 रुपये वजा केले की उरतात 5,12,500. हिशेबाचा पक्का माणूस म्हणेल, की जुन्या पद्धतीने 18,000 हून जास्त माल गेला असता, म्हणून वाचलेल्या पिशव्या 900 पेक्षा जास्त निघतील. त्याचे म्हणणे बरोबर आहे, पण तो वाढीव भाग सोडून द्या. नोकरी मागताना आपली चूक कमी बाजूला ठेवलेली बरी.

पाच लाखांचा हा आकडा मात्र असाच्या असा लिहू नका. चारच तालुके, एकच हंगाम. यात योगायोगाला पुष्कळ जागा आहे. विश्वासमर्यादा वगैरे शब्द न वापरताही हे सांगता येते. चारही तालुक्यांची घट वेगवेगळी काढा. समजा ती 7, 8, 10 आणि 11 अंक आहे. प्रत्येकातून 4 वजा केले की 3, 4, 6 आणि 7 उरतात. सगळ्या तालुक्यांत सर्वांत कमी तालुक्याइतकाच परिणाम धरला, तर निव्वळ बचत सुमारे 2 लाख 42 हजार येते, आणि सर्वांत जास्त तालुक्याइतका धरला, तर सुमारे 7 लाख 82 हजार. "अडीच ते पावणेआठ लाखांच्या दरम्यान, मधला अंदाज पाच लाख" असे म्हणणारा उमेदवार "5,12,500 रुपये वाचवले" असे म्हणणाऱ्यापेक्षा अधिक जाणता वाटतो. पैशाचा व्यवहार रोज करणाऱ्या माणसाला पाचशेपर्यंत नेमका असलेला अंदाज संशयास्पदच वाटणार.

"वाचवले" या शब्दाबद्दलही थोडे सांगते, कारण तो मला एकदा चांगलाच महाग पडला होता. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्यात मी यंत्रबिघाडाचा आगाऊ अंदाज देणारे मॉडेल मांडले आणि यंत्रे बंद राहण्याचे तास कमी झाल्यामुळे मजुरीचे अमुक लाख वाचतील, असे सांगितले. लेखापालांनी शांतपणे विचारले, "मॅडम, हे पैसे कोणत्या खात्यात दिसतील?" ते कोणत्याच खात्यात दिसणार नव्हते. यंत्र बंद असतानाही कामगारांचे पगार चालूच होते, आणि यंत्र चालू राहिले म्हणून त्यातला एक रुपयाही कमी होणार नव्हता. मी वेळेला दराने गुणून पैसे तयार केले होते. तुमची बाजू त्या मानाने भक्कम आहे. परत आलेली पिशवी परतीच्या मालाच्या नोंदीत दिसते, तिचे भाडे वाहतूक खर्चात दिसते आणि ती धान्याच्या भावाने विकल्याचे बिलही असते. हुकलेल्या विक्रीचे पैसे मात्र कोणत्याच वहीत दिसत नाहीत. ते तुमचे अनुमान आहे. म्हणून टिपणात पहिल्यापुढे "नोंदींवरून मोजलेले" आणि दुसऱ्यापुढे "अंदाजे" असे स्पष्ट लिहा.

इथपर्यंत सगळे रुपयांत आले खरे, पण टिपणात मी तुम्हाला रुपये लिहायला सांगणार नाही. ज्या कंपनीकडे तुम्ही जात आहात, ती तुमच्या सध्याच्या कंपनीची स्पर्धक असू शकते. पिशवीचा उत्पादन खर्च, विक्रेत्याचा दर, तालुक्यांची नावे, एकूण पाठवलेला माल या गोष्टी तुमच्या नाहीत, आणि बहुधा नेमणूकपत्रातल्या गोपनीयतेच्या अटीखाली त्या येतात. आजच्या मालकाचे आकडे जो सहज सांगतो, तो उद्या आपलेही सांगेल, हे विक्रीप्रमुखांच्या मनात येणारच. यातून सुटण्याचा मार्ग सोपा आहे: सगळे काही दर हजार पिशव्यांमागे सांगा. हजार पिशव्या पाठवल्या, तर 50 कमी परत आल्या आणि सुमारे 14 पिशव्यांची विक्री हुकली. एवढेच सांगून थांबा. समोरच्या माणसाला आपल्या कंपनीचे दर तोंडपाठ असतात; तो मनातल्या मनात 50 ला आपल्या परतीच्या तोट्याने आणि 14 ला आपल्या नफ्याने गुणतो, वजाबाकी करतो, आणि निघालेला आकडा त्याचा स्वतःचा असतो. तुम्ही सांगितलेल्या पाच लाखांवर तो शंका घेईल. स्वतः काढलेल्या आकड्यावर घेणार नाही. रुपयांचा हिशेब तुम्ही मात्र पाठ ठेवा, कारण "साधारण किती होतील?" असे विचारले, तर त्यांचेच दर विचारून तिथल्या तिथे कागदावर करून दाखवता आला पाहिजे.

आणखी एक गोष्ट टिपणात हवी, जी मेपच्या नादात तुमच्या पहिल्या मुलाखतीत राहून गेली असावी. मॉडेलने अंदाज दिला; पिशव्या वाचल्या त्या कोणीतरी काहीतरी वेगळे केले म्हणून. काय वेगळे केले? माझ्या समजुतीप्रमाणे पूर्वी प्रतिनिधी गेल्या वर्षीइतका किंवा थोडा वाढवून माल मागवत असतील, म्हणजे विक्रेत्यांकडे ठेवायचा सगळा माल, ज्याला प्लेसमेंट म्हणतात, हंगामाआधीच दुकानांत जाऊन पडत असेल. तुमच्या अंदाजानंतर जिथे परतीची शक्यता जास्त, तिथे पहिला लॉट कमी केला गेला असेल आणि उरलेला माल पाऊस बघेपर्यंत गोदामात राखला असेल. तुमच्याकडे नेमके जे घडले, ते दोन वाक्यांत लिहा. प्रतिनिधींनी तुमचा अंदाज किती वेळा डावलला, हेही लिहा. दहापैकी तीनदा डावलला असेल, तर त्यात लाज नाही. त्या तीन वेळी कोण बरोबर ठरले हे तुम्ही तपासले असेल, तर विक्रीप्रमुख तेवढा भाग दोनदा वाचतील, कारण नवे मॉडेल आल्यावर त्यांची पहिली डोकेदुखी आपल्याच प्रतिनिधींची समजूत घालण्याची असते.

टिपण साधारण असे होईल. वाक्ये तुमच्या पद्धतीने फिरवा.

"सोयाबीन बियाण्याची हंगामपूर्व प्लेसमेंट मागील वर्षाच्या मालावरून ठरत असे. विक्रेतानिहाय परतीचा अंदाज देणारे मॉडेल मी तयार केले. एका खरिपात चार तालुक्यांत त्या आधारे पहिला लॉट कमी करून उरलेला माल पेरणीच्या गतीप्रमाणे गोदामातून देण्यात आला. अंतिम निर्णय विक्री प्रतिनिधींचा होता. या तालुक्यांतील परतावा आदल्या वर्षापेक्षा 9 अंकांनी घटला. त्याच हंगामात जुन्या पद्धतीने माल गेलेल्या तालुक्यांतही तो 4 अंकांनी घटला, त्यामुळे तेवढी घट पाऊस व बाजार यांची धरली आहे. उरलेल्या 5 अंकांचा अर्थ, पाठवलेल्या दर हजार पिशव्यांमागे सुमारे 50 पिशव्या कमी परत आल्या (तालुक्यानुसार 30 ते 70, नोंदींवरून मोजलेले). माल वेळेवर न पोहोचल्यामुळे दर हजारामागे किमान 14 पिशव्यांची विक्री हुकली (अपुऱ्या राहिलेल्या मागण्यांवरून अंदाजे). हा एका हंगामाचा आणि समाधानकारक पावसाच्या वर्षाचा अनुभव आहे. पाऊस लांबलेल्या वर्षात पद्धत अद्याप वापरलेली नाही."

शेवटचे वाक्य गाळण्याचा मोह होईल. गाळू नका. ते वाक्य त्यांच्या मनातला प्रश्न तुम्हीच आधी विचारल्यासारखे आहे, आणि मुलाखतीतली चर्चा बहुधा तिथूनच सुरू होईल.

त्या चर्चेसाठी दोन विक्रेते निवडून ठेवा, नावे न सांगता. एक असा, की जिथे पद्धत चालली. आठवडी बाजाराच्या गावातले दुकान, दरवर्षी 300 पिशव्या घेणारे. तुमचा अंदाज होता की 90 परत येतील, म्हणून 220 च पाठवल्या, 209 विकल्या आणि 11 परत आल्या. एवढे ऐकल्यावर मॉडेल म्हणजे काय, हे समजावण्याची गरज उरत नाही. दुसरा असा, की जिथे पद्धत फसली. पहिल्या पावसावर पेरण्या झाल्या, मग पावसाने मोठी उघडीप दिली, उगवलेले कोंब जळाले आणि दुबार पेरणी आली. 160 पिशव्या आधीच संपल्या होत्या, दुकानदाराने 40 मागितल्या, आणि गोदामातली गाडी पोहोचेपर्यंत तीन दिवस गेले. दुबार पेरणीचा अंदाज मेमध्ये कोणतेही मॉडेल देऊ शकत नाही, हे स्पष्ट सांगा. पण त्यापुढे, उघडीप दहा दिवसांवर गेली की गोदामातला राखीव माल कोणत्या तालुक्यांकडे आधी हलवावा, हे तुम्ही आज कसे ठरवाल, तेही सांगा. तंत्र न जाणणारा अधिकारी मॉडेलची परीक्षा घेत नाही. मॉडेल चुकल्याचे तुम्हाला किती दिवसांत कळते आणि कळल्यावर तुम्ही कोणाला फोन करता, हे तो पाहत असतो.

ग्रेडियंट बूस्टिंग हा शब्द टिपणाच्या शेवटच्या ओळीत, कौशल्यांच्या यादीत राहू द्या. त्या कंपनीत तंत्र जाणणारे कोणी असेल, तर ते विचारतील, आणि मग मेपही सांगा. मात्र शून्य परतावा असलेल्या विक्रेत्यांचे काय केले, हे आधी स्वतः तपासून जा. त्यांना वगळले असेल, तर जाण्यापूर्वी चूक पिशव्यांत मोजून पुन्हा काढा: विक्रेत्यामागे सरासरी किती पिशव्यांनी अंदाज चुकला, सगळे विक्रेते धरून. तो आकडा 19 टक्क्यांइतका देखणा निघणार नाही, पण तो तंत्रज्ञालाही सांगता येईल आणि विक्रीप्रमुखांनाही.